विशी-तिशीत लागणारा लांबचा नंबर
लहानपणी चष्मा नसलेल्यांनाही विशी-तिशीत लांबचे धूसर दिसू लागते. कोलाडहून मुंबई-गोवा महामार्गावर रात्री गाडी चालवताना पाट्या उशिरा वाचता येणे, ही त्याची पहिली खूण असू शकते. अंधारात बाहुली मोठी होते आणि लहानसा नंबरही जाणवतो. उणे पाऊण नंबर असेल, तर सुमारे 1.33 मीटरपलीकडचे अस्पष्ट होते. मोबाइल मात्र स्वच्छ दिसतो, म्हणून दुखणे लक्षात येत नाही.

बहुतेकदा नेत्रगोल किंचित लांबलेला असतो. तासन्‌तास जवळचे काम आणि दिवसाउजेडी बाहेर कमी वावर ही संभाव्य कारणे. मात्र प्रौढांमधला पुरावा मुलांइतका भक्कम नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये 20 ते 28 वयाच्या तरुणांच्या पाहणीत सुमारे 14 टक्क्यांना नव्याने नंबर लागला, पण वाढ सरासरी वर्षाला 0.04 इतकीच होती. म्हणजे आठ वर्षांत जेमतेम पाव नंबरापेक्षा थोडी अधिक. तिशीनंतर ती बहुधा आणखी मंदावते.

नंबर काही आठवड्यांतच बदलला, तर चष्म्याआधी रक्तातील साखर तपासावी. साखर वाढल्याने डोळ्यातील भिंग बदलते. ती आटोक्यात आली की नंबर पुन्हा फिरतो. स्नायू आखडल्याने येणारा खोटा नंबर, ते सैल करणारे थेंब घालून तपासल्यावर उघड होतो.