जस्त आधी वाफ होऊन का येते?

खनिजाच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घेण्यासाठी कोणता पदार्थ वापरावा आणि भट्टी किती तापवावी, हे एका साध्या आलेखावरून कळते. हॅरल्ड एलिंगहॅम या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो 1944 मध्ये मांडला. आडव्या अक्षावर तापमान असते. उभ्या अक्षावर, एक मोल ऑक्सिजनशी संयोग होताना मुक्त ऊर्जेत किती बदल होतो, तो आकडा असतो. मोल म्हणजे मोजणीचे ठरलेले माप. सगळ्यांसाठी ऑक्सिजन तेवढाच धरल्यामुळे धातूंची तुलना करता येते. रेषा जितकी खाली, तितकी त्या पदार्थाची ऑक्सिजनवरची पकड घट्ट. म्हणून ज्याची रेषा खाली, तो वरच्या रेषेवरच्या धातूचा ऑक्सिजन हिरावून घेऊ शकतो.

बहुतेक धातूंच्या रेषा तापमानाबरोबर वर चढतात. धातू घन किंवा द्रव असतो, ऑक्साइडही घन, आणि मुक्तपणे फिरणारा ऑक्सिजन वायू त्यात बांधला जातो. ही बांधणी जास्त तापमानाला अधिकाधिक महाग पडते. कार्बन मात्र उलटा वागतो. त्याने एक मोल ऑक्सिजन घेतला की दोन मोल कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे वायू वाढतो. त्यामुळे त्याची रेषा उतरत जाते आणि एकेका धातूची रेषा ओलांडते. जिथे ओलांडते, तिथून पुढे कोळसा त्या धातूचा क्षपणक ठरतो. या आलेखाचा सगळा उपयोग मला त्या छेदनबिंदूंमध्ये दिसतो, आणि जस्ताइतका बोलका छेदनबिंदू दुसरा नाही.

खोलीच्या तापमानाला जस्ताची रेषा उणे 640 किलोज्यूलच्या आसपास असते, कार्बनची उणे 274 च्या. कोळशाला तिथे काहीच वाव नाही. 1000 अंश सेल्सिअसला चित्र पालटते: जस्त उणे 420 च्या जवळ, कार्बन उणे 445 च्या. रेषा सुमारे 950 अंशांना छेदतात. पण जस्त 907 अंशांनाच उकळते. तिथे त्याची रेषा वाकून एकदम खडी होते, कारण आता धातूही वायू आहे आणि ऑक्साइड होताना दोन्ही वायू नाहीसे होतात. म्हणजे कोळशाने जस्त सुटते तेव्हा ते वाफेच्या रूपातच सुटते.

हे आकडे जस्ताची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही एक वातावरण दाबाला धरून काढलेले आहेत. बंद मुशीत दोघांचा दाब मिळून एक वातावरण, म्हणजे प्रत्येकी निम्मा. त्यामुळे क्रिया काही दशक अंश आधीच शक्य होते. तरी सुटका नाही. निम्म्या दाबाला जस्त सुमारे 840 अंशांनाच उकळते.

खरा घात पुढे होतो. वाफ थंड होऊ लागली की जस्ताची रेषा पुन्हा खाली जाते आणि सोबतच्या कार्बन डायऑक्साइडमधून जस्त ऑक्सिजन परत घेते. हाती धातूऐवजी जस्ताचे बारीक कण आणि ऑक्साइड यांची भुकटी येते. लोखंड आणि शिसे कोळशाच्या भट्टीत हजारो वर्षे निघत असताना जस्त मात्र उशिरा हाती आले, ते यामुळेच.

राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर इथे मध्ययुगात या अडचणीवर मोठ्या प्रमाणावर तोडगा निघाला. तिथले खनिज सल्फाइडचे. कोळशाची गंधकावरची पकड कमकुवत, म्हणून ते आधी भाजून ऑक्साइड करावे लागे. मग ते कोळशासारख्या पदार्थासह वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरत. तोंडाला नळीसारखा निमुळता भाग जोडून मुशी भट्टीत उलट्या लावत, एका भट्टीत 36. मुशीत एक काडी खोवलेली असे. ती जळाली की वाफेला खाली उतरायला वाट तयार होई. वर प्रखर ज्वाला, खाली छिद्रांच्या पट्टीपलीकडे थंड कक्ष. वाफ हवेला न भेटता खाली येई आणि द्रव जस्त होऊन साचे. रसरत्नसमुच्चयात अशाच कृतीसाठी खूण दिली आहे: मुशीतली ज्वाला निळीची पांढरी होणे. निळी ज्वाला कार्बन मोनॉक्साइडची, पांढरी जळणाऱ्या जस्ताची. छेदनबिंदू ओलांडला, हे कारागिराला रंगावरून कळे.

आलेख एक गोष्ट सांगत नाही: क्रियेला किती वेळ लागेल. विसाव्या शतकात ब्रिस्टलजवळ एव्हनमाउथला विकसित झालेल्या भट्टीने याच उणिवेचा फायदा घेतला. तिथे जस्ताच्या वाफेबरोबर भरपूर कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणजे आलेखानुसार जस्ताने पुन्हा ऑक्साइड व्हायलाच हवे. पण त्या गरम वायूवर वितळलेल्या शिशाचे तुषार उडवतात. शिशाची रेषा जस्ताच्या बरीच वर, त्यामुळे ऑक्सिजनसाठी ते जस्ताशी झगडत नाही. फक्त उष्णता ओढून घेते आणि जस्त आपल्यात विरघळवते. वायू क्षणार्धात साडेपाचशे अंशांच्या आसपास येतो आणि उलट क्रियेला पुरेसा वेळच उरत नाही.