मुंग्या वेगळ्या, सावली वेगळी

गुंजी, लोंढा, खानापूर या पट्ट्यातल्या घरांतून जुन्या व्हीएचएस कॅसेट निघाल्या, की त्यांत दूरदर्शनवरून टेप केलेले कार्यक्रमही सापडतात. प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच एक फिकट सावली उभी असते. मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं: “आमच्याकडे सिग्नल वीक होता, म्हणून डबल दिसायचं.” त्यामागोमाग ठरलेली चूकही होते. कॅसेट डिजिटल करताना उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला जातो, आणि सावली आणखी ठळक होते.

सिग्नल कमकुवत असेल तर पडद्यावर मुंग्या येतात, रंग जातो, चित्र डळमळतं. नुसत्या कमकुवतपणाने दुसरं चित्र तयार होत नाही. त्यासाठी तोच सिग्नल दोन वाटांनी अँटेनापर्यंत यावा लागतो: एक सरळ, दुसरा डोंगरावर आपटून थोड्या उशिराने. गुंजीसारख्या सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात डोंगरांना तोटा नाही. सरळ येणारा सिग्नल मध्येच अडून क्षीण झाला, की परतून आलेला त्याच्या तुलनेत मोठा ठरतो. ‘वीक सिग्नल’च्या समजुतीत सत्य आहे ते एवढंच. म्हणूनच बूस्टर लावूनही सावली जात नसे. तो दोन्ही सिग्नल सारखेच वाढवायचा.

हा उशीर पडद्यावर पट्टीने मोजता येतो. आपल्या पाल पद्धतीत एका रेषेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांत डावीकडून उजवीकडे रंगतो. वीस इंची टीव्हीचा पडदा साधारण ४० सेंटिमीटर रुंद असतो. सावली २ सेंटिमीटर सरकलेली असेल तर उशीर २.६ मायक्रोसेकंद झाला. रेडिओलहरी एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात, म्हणजे आपटून आलेली वाट ७८० मीटर लांब होती. डोंगर बरोबर अँटेनाच्या पाठीमागे असेल, तर तो सुमारे ३९० मीटरवर.

सावली काढायची तीही याच मापाने. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी-६०१ शिफारशीप्रमाणे डिजिटल केलेल्या रेषेवर सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतले जातात, म्हणून २.६ मायक्रोसेकंद म्हणजे ३५ पिक्सेल. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी नामावली असलेली चौकट शोधावी आणि अक्षराच्या कडेपासून सावलीच्या कडेपर्यंतचे पिक्सेल मोजावेत. मग उजेड पाहावा. काळा १६, पांढरा २३५ आणि सावली ६० असेल, तर ४४ भागिले २१९, म्हणजे सावलीचा जोर सुमारे ०.२०.

इथे पुष्कळ जण मूळ चित्रच ३५ पिक्सेल सरकवून वजा करतात. पण त्या चित्रातही सावली असतेच, म्हणून ७० पिक्सेलवर ४ टक्के जोराची नवी, काळपट सावली उमटते. डावीकडून निघून आधी साफ झालेले पिक्सेलच पुढच्यांतून वजा करत गेलं, तर ती येत नाही:

```python
y = luma.astype(float) - 16
for x in range(35, y.shape[1]):
    y[:, x] -= 0.20 * y[:, x - 35]
y += 16
```

सावली कमी होण्याऐवजी गडद झाली तर जोराचं चिन्ह उलटं करावं. परतलेल्या लहरीची कला उलटी असेल तर सावली काळी पडते. डोंगराने सरळ वाट जवळपास बंद केली असेल, तर फिकट प्रतिमा मुख्य चित्राच्या डावीकडे येते, कारण तेव्हा आधी पोहोचलेला सिग्नलच क्षीण असतो. अशा वेळी हीच वजाबाकी उजवीकडून डावीकडे करायची.

“कॅसेट झिजली, हेड घाण झालं म्हणून” हे कारणही चूक: त्याने पांढऱ्या रेघा, ठिपके आणि खरखर येते. “अनेकदा चालवून सरासरी काढा” या सल्ल्याने खरखर कमी होते, सावली तशीच राहते, कारण ती टेपवरच नोंदलेली आहे. कडेला दोन-तीन पिक्सेलवरची पांढरी किनार बहुधा व्हीसीआरने चित्र धारदार केल्याची असते. कॅमेऱ्याने काढलेल्या घरच्या कॅसेटवरही ती दिसली, तर अँटेनाचा संबंध नाही.

“सॉफ्टवेअर सगळं पुसतं” हा मात्र घातक समज आहे. जपानने १९८९ मध्ये प्रक्षेपणातच एक ओळखीचा संकेत पाठवायला सुरुवात केली. त्यावरून टीव्ही सावलीचं माप स्वतः काढत असे, आणि तेही सिग्नल ताजा असताना. आपल्या कॅसेटमध्ये नामावलीवरूनच अंदाज बांधावा लागतो. परतलेली लहर कलेने अर्धवट सरकलेली असेल तर सावली नुसती फिकट प्रत नसते, तिच्या कडा विद्रूप असतात, आणि साध्या वजाबाकीने त्या पुसत नाहीत. रंगाची सावली आणखी अवघड, म्हणून मी वजाबाकी फक्त उजेडावर करते. झाडीने भरलेला उतार आरशासारखा एकच सिग्नल परत पाठवत नाही. सावल्या एकमेकींत मिसळून लांब डाग होतो. तिथे सर्वांत ठळक सावली तेवढी काढावी, आणि मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी.