नफा चौपट झाला कसा?

मे 2025 मध्ये आयटीसीने जानेवारी-मार्च तिमाहीचे निकाल जाहीर केले. एकत्रित निव्वळ नफा सुमारे 19,800 कोटी, आदल्या वर्षीच्या जवळजवळ चौपट! सिगारेटी आणि बिस्किटं अचानक चौपट खपली का? अर्थातच नाही.

1 जानेवारीपासून हॉटेलांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेला होता. त्याची बाजारभावाने होणारी किंमत आणि वहीतली किंमत यांतला फरक, 15,000 कोटींहून अधिक, नफ्यात धरला गेला. हिशेबाच्या नियमाने तो धरावाच लागतो, पण तिजोरीत त्यातला रुपयाही आला नाही. भागधारकांना नव्या कंपनीचे शेअर मिळाले, इतकंच. म्हणून तक्त्यात ‘अपवादात्मक बाबी’ आणि ‘बंद केलेले व्यवसाय’ या ओळी आधी शोधाव्यात, मग खालची टीप वाचावी. ही रक्कम वगळली की नफा पाच हजार कोटींच्या आसपास, म्हणजे जवळपास गेल्या वर्षीइतकाच उरतो.

तुलना कोणत्या तिमाहीशी केली आहे, हेही पाहावं. लग्नसराई आणि पर्यटनामुळे हॉटेलांची हिवाळ्यात चंगळ असते. त्यामुळे एप्रिल-जूनचे आकडे आधीच्या तिमाहीपुढे पडेलच दिसतात. त्यांची तुलना मागच्या वर्षीच्या एप्रिल-जूनशीच करायची. अर्थात तीही डोळे झाकून नाही: 2021 च्या एप्रिल-जूनमधली भरघोस वाढ ही बरीचशी 2020 च्या टाळेबंदीची कृपा होती.