ताशी 20 किलोमीटरचा वारा

अकोल्याच्या एमआयडीसीत बॉयलरची नवी चिमणी उभी राहत होती. वारा पूर्वेकडे निघाला की शेंडा पूर्वेलाच झुकणार, असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात शेंडा उत्तर-दक्षिण डुलत होता, वाऱ्याच्या आडवा.

‘‘वावटळीचं भेव नाही जी,’’ फिटर मिस्त्री म्हणाले, ‘‘एकसुरी वारा लागला का मंग डुलते.’’

मिस्त्रींचं म्हणणं गणिताला धरून आहे. गोल नळीला वळसा घालून जाणारा वारा मागे एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूने भोवरे सोडतो. भोवरा ज्या बाजूने सुटतो, त्या बाजूला चिमणी किंचित ओढली जाते. वारा वाढला की भोवरे सुटण्याचा वेगही वाढतो. तो चिमणीच्या स्वतःच्या डुलण्याशी जुळला की प्रत्येक ओढ आधीच्या ओढीत भर घालते. त्या वाऱ्याचा वेग म्हणजे क्रांतिक वेग.

समजा, चिमणी 30 मीटर उंच, 1 मीटर व्यासाची, अस्तर नसलेली पोलादी नळी आहे. ती सेकंदाला साधारण 1.1 वेळा डुलते. या आकड्याला व्यासाने गुणायचं आणि 0.2ने भागायचं, गोल नळीसाठी स्ट्रूहाल अंक साधारण तेवढाच असतो. उत्तर येतं सेकंदाला 5.5 मीटर, म्हणजे ताशी 20 किलोमीटर. वादळ नव्हे, रोजचा वारा. शिवाय डुलणं एकदा सुरू झालं की भोवरेही त्याच तालात सुटू लागतात, त्यामुळे वेग थोडा कमी-जास्त झाला तरी चिमणी थांबत नाही.

एका तासात सुमारे 4,000 हेलकावे बसतात. प्रत्येक हेलकावा बुडाशी, बेसप्लेटच्या वेल्डिंगवर आणि राख काढायच्या दाराच्या कोपऱ्यात ताण उलटा-सुलटा करतो. तिथेच केसासारखी चीर सुरू होते, अँकर बोल्ट सैल पडतात. वेल्डिंगच्या पोलादी नळीत हेलकावा जिरवण्याची ताकद फार कमी असते. आतून विटांचं अस्तर असेल तर वजन वाढतं आणि हेलकावाही बराच जिरतो. म्हणून उभारणीनंतर, अस्तर बसेपर्यंतचे दिवस जास्त जोखमीचे.

मिस्त्री दाखवत होते त्या शेंड्याकडच्या तीन सर्पिल पट्ट्या. उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागात, व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या रुंद. एक वेढा पाच व्यासांत पूर्ण होतो. भोवरे एका तालात सुटू नयेत, एवढंच त्यांचं काम. मोबदल्यात वाऱ्याचा सरळ रेटा बराच वाढतो. म्हणून पाया आणि बोल्ट आधीच त्या हिशोबाने धरावे लागतात. मागाहून पट्ट्या डकवणं धोक्याचं.

चिमणी विकत घेणाऱ्यांनी नकाशावर दोन आकडे मागावेत: सेकंदाला किती हेलकावे आणि क्रांतिक वेग किती. क्रांतिक वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास असेल, तर पट्ट्यांशिवाय चिमणी उभी करू नये.