डिशवॉशरमधून निघणारे धुरकट ग्लास

डिशवॉशर घेऊन काही महिने झाले की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. कढई लख्ख निघते, ताटं स्वच्छ निघतात, पण काचेचे ग्लास मात्र पांढरट, धुरकट. फडक्याने पुसले तर थोडे उजळतात आणि वाळले की पुन्हा तसेच. दुरुस्तीवाला येऊन पाहतो, "तुमचं पाणी जड आहे, मीठ टाका" असं सांगून जातो. घरचे मीठ भरतात, रिन्स एडही भरतात, तरी ग्लास काही चकाकत नाहीत. याचं कारण असं की मीठ भरणं हे निम्मंच काम आहे. आपलं पाणी किती जड आहे हा आकडा यंत्राला सांगणं हे उरलेलं निम्मं काम, आणि ते बहुतेक घरांत राहून जातं.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून सोबत घेतं. म्हणून बोअरवेलचं पाणी जड असतं, तर धरण-तलावांचं पाणी सहसा मऊ. मुंबईला तलावांचं आणि पुण्याच्या जुन्या भागाला खडकवासल्याचं पाणी मिळतं, तिथे ही तक्रार कमी. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत, जिथे बोअरवेल आणि टँकरवर भिस्त असते, तिथे ती जास्त. हे विरघळलेले क्षार थंड पाण्यात दिसत नाहीत. पाणी तापलं की त्यांतला काही भाग चुन्यासारखा घट्ट होऊन बाहेर पडतो. गिझरच्या कॉइलवर साचणारा थर तो हाच. डिशवॉशरमध्ये पाणी तापतं आणि शेवटी भांडी उष्णतेने वाळतात, त्यामुळे थेंबातलं पाणी उडून जातं आणि क्षार काचेवरच राहतो. तो स्टीलवरही बसतो, पण पारदर्शक काचेवर लगेच नजरेत भरतो.

तरीही प्रत्येक धुरकट ग्लासाचं कारण चुनाच असतं असं नाही. म्हणून काही बदलण्याआधी एक ग्लास घेऊन तपासणी करावी. आधी त्याची एक बाजू साध्या पाण्याखाली धरून बोटाने चोळा. थर पाण्याने सहज निघून गेला आणि बोट जिभेला लावल्यावर खारट लागलं, तर तो मिठाचा थर. मिठाच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही, किंवा भरताना सांडलेलं मीठ आत तसंच राहिलं आहे. थर पाण्याने गेला नाही, तर ग्लास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग धुऊन पुसा. काच पूर्वीसारखी स्वच्छ झाली, तर तो जड पाण्याचा चुना. व्हिनेगरनंतरही धुरकटपणा तसाच राहिला, तर काचेवर काही बसलेलं नाही, काचच झिजली आहे. ही झीज भरून येत नाही आणि तिचा इलाज चुन्याच्या इलाजाच्या नेमका उलटा आहे. त्याकडे पुढे येऊ.

व्हिनेगरने ग्लास उजळला, तर पुढची चौकशी मिठाकडे वळते. हे मीठ भांड्यांवर पडत नाही. डिशवॉशरच्या तळाशी पाणी मऊ करणारी एक छोटी टाकी असते. तिच्यात रेझिनचे बारीक मणी असतात. जड पाणी त्यांच्यातून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. काही धुण्यांनंतर मणी भरून जातात, त्यांच्यात आणखी क्षार पकडायला जागा उरत नाही. तेव्हा यंत्र मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून फिरवतं, पकडलेला क्षार सांडपाण्यात जातो आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. आता हे मणी धुवायचे कधी, हे यंत्र कसं ठरवतं? सर्वसाधारण घरगुती यंत्र पाण्याचा जडपणा मोजत नाही. आपण लावून ठेवलेल्या आकड्यावरून ते हिशोब करतं. आकडा मोठा असेल तर मणी लवकर लवकर धुतले जातात, लहान असेल तर उशिरा. आकडा शून्यावर असेल, तर अनेक यंत्रांत मीठ वापरलंच जात नाही आणि मीठ संपल्याचा दिवाही लागत नाही. दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून घरातली माणसं निर्धास्त राहतात.

हा आकडा काढायला पाण्याचा जडपणा मोजावा लागतो. इथे पहिली गफलत होते ती टीडीएस मीटरची. आरओमुळे हा मीटर अनेक घरांत असतो, पण तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. त्यांत चुन्याचे क्षार किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. मऊ केलेल्या पाण्याचा टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, कारण तिथे एका क्षाराच्या जागी दुसरा आलेला असतो. तेव्हा सोसायटीच्या कार्यालयात पाण्याच्या तपासणीचा अहवाल असेल, तर त्यात 'टोटल हार्डनेस' ही ओळ शोधावी. अहवाल नसेल, तर जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं थेंबांचं किट वापरावं. पाणी मात्र यंत्राला जोडलेल्या नळाचंच घ्यावं, आरओचं नव्हे.

समजा, पुण्याच्या एका उपनगरातल्या सोसायटीत पावसाळा-हिवाळ्यात महापालिकेचं पाणी येतं आणि मार्चपासून टँकर सुरू होतात. महापालिकेच्या पाण्याचा जडपणा निघाला लिटरला ९० मिलिग्रॅम, टँकरच्या पाण्याचा ४५०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंतचा जडपणा योग्य मानला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. म्हणजे टँकरचं पाणी प्यायला बाद नाही, पण काचेच्या दृष्टीने बरंच जड आहे. यंत्राच्या माहितीपुस्तकात बहुधा जर्मन अंश दिलेले असतात. मिलिग्रॅमच्या आकड्याला १७.८ ने भागलं की अंश मिळतात. ९० चे झाले ५ अंश, ४५० चे झाले २५.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या एका प्रचलित जातीच्या यंत्रांत हा आकडा H:00 ते H:07 असा दिसतो. त्यांच्या तक्त्यात ६ अंशांपर्यंत H:00, १३ ते १६ अंशांना H:04, २२ ते ३० अंशांना H:06 आणि ३१ ते ५० अंशांना H:07 असतं. आपल्या उदाहरणातल्या घरात यंत्र बसवल्यापासून H:04 वर आहे असं धरू. हिवाळ्यात ग्लास चांगले निघतात, कारण पाणीच मऊ आहे. मीठ तेवढं विनाकारण खर्च होतं. एप्रिलमध्ये २५ अंशांचं पाणी येऊ लागतं, पण यंत्र १६ अंशांचा हिशोब धरून बसलेलं असतं. मणी ठरलेल्या वेळेआधीच भरतात आणि पुढची धुणी जड पाण्यातच होतात. म्हणून दोन दिवस ग्लास बरे, मग तीन दिवस धुरकट, असा लहरी प्रकार दिसतो. इथे मीठ भरपूर भरलेलं असूनही उपयोग नाही. आकडा H:06 वर न्यायला हवा, आणि टँकर बंद झाले की परत खाली आणायला हवा. इतर यंत्रांत अक्षरं आणि तक्ते वेगळे असतात, म्हणून माहितीपुस्तकातलं जडपणाचं पान उघडून आपल्या यंत्राचाच तक्ता पाहावा. पाणी ५० अंशांच्याही वर, म्हणजे लिटरला सुमारे ८९० मिलिग्रॅमच्या पुढे असेल, तर यंत्रातली टाकी पुरी पडत नाही. घरासाठी किंवा सोसायटीसाठी वेगळा सॉफ्टनर लागतो.

आकडा बदलल्यावर लगेच निराश होऊ नये. काचेवर आधी बसलेला चुना नव्या आकड्याने जात नाही. दोन ग्लास व्हिनेगरने पूर्ण स्वच्छ करून यंत्रात ठेवावेत आणि आठवडाभर त्यांच्यावरच नजर ठेवावी. ते स्वच्छ राहिले, तर आकडा बरोबर आहे.

मिठाबद्दल दोन पथ्यं मात्र पाळावीच लागतात. स्वयंपाकाचं बारीक, आयोडीनयुक्त मीठ टाकीत घालू नये. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात आणि बारीक मीठ टाकीत थापून बसतं. डिशवॉशरसाठीचं शुद्ध, जाड मीठच वापरावं. ते भरल्यावर सांडलेले कण पुसून, झाकण घट्ट लावून लगेच एक धुणं सुरू करावं. खारट पाणी तळाशी साचून राहिलं, तर स्टीलवर गंजाचे डाग पडू शकतात.

'सगळं एकात' म्हणून मिळणाऱ्या टॅब्लेटमध्ये मीठ आणि रिन्स एडचं काम करणारे घटक असतात, पण यंत्र बनवणारे त्यांची मर्यादा साधारण २१ अंश, म्हणजे ३७५ मिलिग्रॅमच्या आसपास सांगतात. टँकरच्या पाण्याला त्यांच्यावर विसंबता येत नाही.

रिन्स एडचं काम वेगळं आहे. ते पाणी मऊ करत नाही. शेवटच्या खळबळण्यात ते थोडंसं मिसळलं जातं, त्यामुळे पाणी थेंब धरून बसत नाही, पातळ पडद्यासारखं घसरून जातं. थेंबच राहिला नाही, तर त्यात क्षार वाळायचाही प्रश्न नाही. काचेवर गोल ठिपके दिसत असतील, तर त्याचा आकडा एकाने वाढवावा. निळसर ओघळ किंवा चिकट पट्टे दिसत असतील, तर एकाने कमी करावा. मीठ आणि रिन्स एड यांचे आकडे एकाच वेळी बदलू नयेत, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

आता झिजलेल्या काचेकडे. फार मऊ पाणी, जास्त उष्णता आणि तीव्र डिटर्जंट एकत्र आले की काचेतले घटक हळूहळू निघून जातात. सुरुवातीला इंद्रधनुष्यी झाक दिसते, मग कायमचा धुरकटपणा येतो. सोसायटीच्या सॉफ्टनरमधून आधीच मऊ झालेलं पाणी येत असताना यंत्राचा आकडाही उंच ठेवला, तर हे घडतं. आपल्याकडे आणखी एक कारण असतं: तेलकट कढया आणि कुकर निघावेत म्हणून ७० अंश सेल्सियसचा कार्यक्रम रोज लावला जातो आणि ग्लासही त्याच फेरीत टाकले जातात. ग्लास कमी तापमानाच्या, नाजूक भांड्यांच्या फेरीत वेगळे धुवावेत, डिटर्जंट मोजून घालावं आणि मिठाचा आकडा खाली आणावा. चांगल्या, महागड्या काचेचे ग्लास हातानेच धुतलेले बरे.

मीठ किंवा रिन्स एडची आणखी एक बाटली आणण्याआधी एक ग्लास व्हिनेगरमध्ये बुडवा आणि यंत्राच्या नळाचं पाणी मोजून घ्या. टँकरच्या घरात ही मोजणी वर्षातून दोनदा करा: टँकर सुरू झाल्यावर आणि बंद झाल्यावर.