ठरलेला पगार आणि पत्रातला पगार

मुलाखतीत महिना 60 हजार पगार आणि ‘सीनिअर अकाउंटंट’ हे पद ठरलं. ऑफर लेटर आलं, त्यात वर्षाचा आकडा 7,20,000. बाराने भागलं की बरोबर 60 हजार. इथेच बहुतेक जण ‘अ‍ॅक्सेप्ट’वर बोट ठेवतात. खरा पगार मात्र शेवटच्या पानावरच्या तक्त्यात असतो.

समजा त्या तक्त्यात मूळ पगार 30 हजार आहे. त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ, म्हणजे वर्षाचे 43,200. ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी 17,316. शिवाय 72,000 रुपये ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरी पाहून मिळणारे. हे सगळं 7,20,000 मधून वजा केलं की दरमहा हाती उरतात साधारण 48,950. त्यातूनही आपल्या वाट्याचा पीएफ 3,600 कापला जातो. व्हेरिएबलचा विषय मुलाखतीत निघालाच नसेल, तर तो पत्रात आला कुठून, हे विचारायलाच हवं.

विचारण्याआधी आपल्याकडे लेखी काय आहे ते शोधावं. एचआरच्या मेलमध्ये ‘60 हजार फिक्स्ड’ असं असेल, तर ही चूक आहे आणि ती दुरुस्त करून मागता येते. सगळं फोनवरच ठरलं असेल, तर समोरचा ‘आम्ही सीटीसीच म्हणालो होतो’ म्हणू शकतो. मग ती दुरुस्ती राहत नाही, पगाराची बोलणी नव्याने करावी लागतात. म्हणून फोन ठेवल्याबरोबर ठरलेल्या गोष्टींचा दोन ओळींचा मेल टाकावा.

दुरुस्तीचा मेलही छोटाच असावा: ‘ऑफर लेटरबद्दल आभार. पान 1 वर पद ‘अकाउंटंट’ लिहिलं आहे. आपल्या 12 तारखेच्या मेलप्रमाणे ते ‘सीनिअर अकाउंटंट’ हवं. परिशिष्टात 72,000 व्हेरिएबल दाखवलं आहे. ठरलेली रक्कम पूर्ण फिक्स्ड होती. तो मेल सोबत जोडला आहे. कृपया सुधारित पत्र पाठवावं आणि स्वीकृतीची मुदत तोपर्यंत वाढवावी.’

पदाची चूक किरकोळ वाटते, पण मला ती जास्त महागाची वाटते. पत्रातलं पदच कंपनीच्या नोंदीत चढतं, तिथून अनुभवपत्रात उतरतं आणि पुढची कंपनी पडताळणी करते तेव्हा तेच सांगितलं जातं. बायोडेटात ‘सीनिअर’ आणि नोंदीत नाही, तर खोटं ठरतो तो उमेदवार.

‘आत्ता सही करा, अपॉइंटमेंट लेटरमध्ये नीट करू’ असं उत्तर आलं तर तेवढं वाक्य मेलवर मागावं. तेही द्यायला टाळाटाळ झाली, तर सही थांबवावी. सुधारित पत्रावर नवी तारीख आणि ‘आधीचं पत्र रद्द’ ही ओळ आहे का, तक्ताही बदलला आहे का, हे पाहावं. कित्येकदा पहिलं पान बदलतं आणि परिशिष्ट जुनंच राहतं. जुन्या नोकरीचा राजीनामा हे सगळं तपासून झाल्यावरच द्यावा.