डेटा सेव्हर चालू, तरी दीड जीबी गेला कुठे?

घरात सिम घालायचं एक वाय-फाय डोंगल आहे, रोजचा पॅक दीड जीबीचा. मुलगी जुना अँड्रॉइड फोन त्याला जोडून एक पीडीएफ उघडते आणि थोड्या वेळाने डोंगलच्या नंबरवर मेसेज येतो: आजचा डेटा संपला. संशय अर्थातच मुलीवर, रील्स बघितल्या असणार! खरं तर तो डेटा प्ले स्टोअर आणि गुगल फोटोजने खाल्लेला असतो. दोघांनाही 'फक्त वाय-फायवर' असं बजावलेलं होतं आणि दोघंही नियमानेच वागले. पलीकडे केबल आहे की सिम, हे फोनला कुठून कळणार?

अँड्रॉइडच्या लेखी नेटवर्क दोन प्रकारचं असतं: मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं, आणि बिनमोजणीचं. स्वतःच्या सिमचा डेटा तो मीटर्ड धरतो, वाय-फाय मात्र सहसा बिनमोजणीचं. २०१६ साली अँड्रॉइड ७ बरोबर आलेला डेटा सेव्हर फक्त मीटर्ड नेटवर्कवर पहारा देतो. त्यामुळे डोंगलवर तो चालू असूनही नुसता बसून राहतो. उपाय एका खुणेचा आहे. वाय-फायच्या यादीत डोंगलच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबा, 'नेटवर्क वापर' उघडा आणि 'मीटर्ड' निवडा. (कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात.) दुसऱ्याच्या हॉटस्पॉटलाही हीच खूण करून ठेवावी, अँड्रॉइडचा हॉटस्पॉट अँड्रॉइड पुष्कळदा आपणहून ओळखतो, पण त्यावर विसंबू नये.

चोर कोण ते पाहायचं तर सेटिंग्जमध्ये ॲपच्या डेटा वापराचं पान उघडा. तिथे 'फोरग्राउंड' आणि 'बॅकग्राउंड' असे दोन आकडे दिसतात. जे ॲप आठवडाभर उघडलंच नाही, त्याचा दुसरा आकडा फुगलेला दिसला की समजावं. वाय-फायवरून झालेला वापर वेगळ्या पानावर असतो, तोही बघा.

डेटा सेव्हर लावल्यावर व्हॉट्सॲपचे मेसेज उशिरा, कधी ॲप उघडल्यावरच येतात. म्हणून 'अनिर्बंध डेटा'च्या यादीत त्याला सूट द्यावी लागते. पण सूट दिली की ग्रुपवरचे व्हिडिओही मागच्या दाराने आत येतात, कारण वाय-फायवर सगळा मीडिया आपोआप उतरवायचा, असंच व्हॉट्सॲपचं मूळ सेटिंग असतं. त्याच्या 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये जाऊन वाय-फायच्या यादीतल्याही खुणा काढा. समोर उघडलेला व्हिडिओ मात्र डेटा सेव्हर अडवत नाही.

पॅक संपल्यावर बऱ्याच योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने ६० एमबीचा एक अपडेट उतरायला दोन तासांहून जास्त लागतात आणि तेवढा वेळ तो त्याच चिंचोळ्या वाटेत उभा राहतो. दुकानात यूपीआयचं चक्र फिरतच राहिलं, तर नेटवर्कला दोष देण्याआधी प्ले स्टोअरमध्ये काही उतरतंय का ते बघा आणि उतरत असेल तर तिथेच रद्द करा.